पाचोरा–जळगाव अपडाउन, तीन शिफ्ट आणि जर्मन बी१: ॲप, क्लास की खासगी शिक्षक?

प्रकरण प्रातिनिधिक आहे. जळगावच्या एका खासगी रुग्णालयात काम करणारी सव्वीस वर्षांची स्टाफ नर्स, घर पाचोऱ्याला, रोज रेल्वेने अपडाउन. हातात पगार १८,००० रुपये. घरी कापसाची शेती. तिला जर्मनीत परिचारिका म्हणून जायचं आहे आणि त्यासाठी जर्मन शिकायची आहे. महिन्याला ४,५०० रुपये ती शिकण्यावर घालू शकते. तिच्यासमोर तीन वाटा आहेत: मोबाइलवरचं ॲप, गटाचा क्लास, नाहीतर खासगी शिक्षक. खाली दिलेले दर या प्रकरणातले आहेत. आपल्या गावचे दर त्यांच्या जागी घालून हाच हिशेब पुन्हा मांडता येतो.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही येतात. त्यामुळे अशी चौकशी करणारी ती एकटी नाही.

उद्दिष्टाला आकडा द्यावा लागतो

"जर्मन शिकायची आहे" एवढ्यावर काहीच निवडता येत नाही. भाषा किती येते हे ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्यांनी मोजतात. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला बहुतेक राज्यांत बी२ पातळी लागते. त्याच्या अलीकडचा टप्पा बी१, आणि बरेच मालक मुलाखतीला बोलावण्याआधी तोच मागतात. म्हणून सिस्टरने पहिलं उद्दिष्ट, जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेची बी१ परीक्षा हे ठरवलं. बी२ चा विचार त्यानंतर.

गोएथे संस्थेच्या अंदाजानुसार शून्यापासून बी१ पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात. एक तासिका म्हणजे ४५ मिनिटं. बी२ साठी हाच आकडा ६०० ते ८०० होतो. जळगावातल्या एका एजंटाने तिला "सहा महिन्यांत बी२, नोकरीची हमी, ८०,००० रुपये" असं सांगितलं होतं. त्याचा हिशेब दोन ओळींत होतो. ६०० तासिका म्हणजे ४५० तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर आठवड्याला सतरा तासांहून जास्त, तेही फक्त वर्गात बसायचे. नाइट ड्यूटी करणारी बाई ते कुठून काढणार? त्याच एजंटाने मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली होती. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत, मग बाकीची योजना कितीही चांगली असो.

आणखी एक गैरसमज आधीच काढलेला बरा. क्लास संपल्यावर मिळणारं "ए२ पूर्ण" असं प्रमाणपत्र जर्मनीत चालत नाही. गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य परीक्षांचंच चालतं. उलट बाजूने, बी१ ला बसण्यासाठी आधी ए१ आणि ए२ च्या परीक्षा दिल्याच पाहिजेत असा गोएथेचा नियम नाही. मालकाने किंवा व्हिसाच्या वाटेने स्वतंत्रपणे मागितल्या नाहीत तर त्या दोन फिया आणि परीक्षेसाठी पुण्याच्या दोन फेऱ्या वाचतात. आपण कुठवर आलो ते संस्थेच्या संकेतस्थळावरचे मोफत नमुना पेपर घरी सोडवून कळतं.

पैशाआधी तास

सिस्टरने पैशांपासून सुरुवात केली होती. आम्ही तिला आधी महिन्याचं रोस्टर मांडायला लावलं. दोन आठवडे मॉर्निंग (८ ते २), एक आठवडा इव्हिनिंग (२ ते ८), एक आठवडा नाइट (रात्री ८ ते सकाळी ८). चोवीस दिवस कामाचे. पाचोरा ते जळगाव एका बाजूला साधारण पन्नास मिनिटं, म्हणजे महिन्याला चाळीस तास गाडीत जातात. पण त्यातले अभ्यासाला उपयोगी सोळाच धरले. गर्दीत उभं राहून शब्द पाठ करता येतात, वाक्य लिहिता येत नाही, आणि नाइटहून परतताना म्हसावद यायच्या आत डोळा लागतो. त्यात वर्गाचे बारा तास आणि सुटीच्या दिवसांचे मिळून सहा तास धरले. एकूण महिन्याला चौतीस तास झाले.

सोळा महिन्यांत हे ५४४ तास होतात, म्हणजे सव्वासातशे तासिका. बी१ च्या वरच्या आकड्यालाही पुरतात. आजारपण, घरचं लग्न, कापूस वेचणीचे दिवस यांत काही जाणारच, तरी हिशेब तुटत नाही. आठ महिने धरले असते तर २७२ तास झाले असते, म्हणजे जेमतेम ३६० तासिका, आणि तेही एक दिवस न चुकता. म्हणून मुदत सोळा महिने ठरली. मुदत ठरल्यावरच बजेटचा खरा आकडा निघाला: ४,५०० गुणिले १६, म्हणजे ७२,००० रुपये. यातले ३०,००० परीक्षेची फी, पुण्याला जाणं-येणं, राहणं आणि एखादा भाग पुन्हा द्यावा लागला तर त्याची तजवीज म्हणून पहिल्याच दिवशी वेगळे काढले. शिकवणीसाठी उरले ४२,०००.

बहुतेक जण नेमकं हेच उलटं करतात. सगळे पैसे क्लासवर घालतात आणि परीक्षेची फी भरायची वेळ आली की तारीख पुढे ढकलतात. तोवर तयारी गंजते.

तीन वाटांची खरी किंमत

जळगावातल्या ऑफलाइन क्लासचा ए१ चा दर ९,००० रुपये: साठ तास, दीड-दीड तासाचे चाळीस वर्ग, सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाच ते साडेसहा, बॅच पंचवीस जणांची. कागदावर तासाला १५० रुपये पडतात. तिने फोनवर विचारलं, "सर, इव्हिनिंग ड्यूटीच्या आठवड्यात दुसऱ्या बॅचला बसता येईल का?" उत्तर आलं, "ताई, आधी ॲडमिशन तर घ्या, मग बघू." म्हणजे येणार नाही, असंच धरायचं. इव्हिनिंगच्या आठवड्यात वर्ग बुडणार. नाइटच्या आठवड्यात दुपारी झोपून पाचच्या आत जळगावला पोहोचायचं म्हणजे ड्यूटीआधीच थकून जायचं. चाळीसपैकी वीस वर्ग हाती लागले तर तासाचा दर ३०० होतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे भाषेच्या क्लासमध्ये सलग पाच वर्ग बुडाले की सहाव्या वर्गात काहीच कळत नाही. माणूस तिथून जायचंच बंद करतो.

पुण्याच्या एका शिक्षिकेची ऑनलाइन बॅच होती. बारा जण, आठवड्यातून तीन दिवस रात्री नऊ ते दहा, रेकॉर्डिंग महिनाभर ठेवलेलं. ए१ तीन महिने ८,००० रुपये, ए२ चार महिने ९,०००, बी१ पाच महिने १३,०००. बारा महिन्यांत १४४ तास, एकूण ३०,००० रुपये, म्हणजे तासाला साधारण २०८. ऑफलाइनपेक्षा महाग दिसतं. पण महिन्यातल्या बारा वर्गांपैकी सात थेट मिळतात आणि पाच रेकॉर्डिंगवर, दुसऱ्या दिवशी गाडीत बघता येतात. वाया काही जात नाही.

खासगी शिक्षक पंचेचाळीस मिनिटांचे ४५० रुपये घेतो. सगळं त्याच्याकडूनच शिकायचं ठरवलं तर ४२,००० रुपयांत त्र्याण्णव सत्रं, म्हणजे सत्तर तास. सव्वासातशे तासिकांपैकी त्र्याण्णव. म्हणून एकटा खासगी शिक्षक या बजेटात बसत नाही, मग तो कितीही उत्तम असो.

आता तोच हिशेब दुसऱ्या मापाने करू. भाषेत आपण नक्की काय विकत घेतो? समजावून सांगणं आणि आपल्या तोंडून बोलून घेणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पंचवीसच्या बॅचमध्ये नव्वद मिनिटांतली पन्नास शिक्षकच बोलतो. उरलेली चाळीस पंचवीस जणांत वाटली की वाट्याला दीड मिनिट येतं. वर्गाचे २२५ रुपये धरले तर तोंड उघडण्याचं एक मिनिट दीडशे रुपयांना पडतं. बाराच्या ऑनलाइन बॅचमध्ये तासाला दोन मिनिटं मिळतात, म्हणजे मिनिटाला शंभराच्या आसपास. खासगी शिक्षकाकडे पंचेचाळीसपैकी वीस मिनिटं तीच बोलते, म्हणजे साडेबावीस रुपये. समजावून घ्यायला गट स्वस्त आणि बोलायला खासगी शिक्षक स्वस्त, हे या हिशेबाने उघड होतं. ॲपवर दोन्ही जवळपास फुकट मिळतं, पण तिथे बोलण्याचा दर्जा काय असतो ते पुढे पाहू.

गटात जोड्या करून बोलायला लावणारा शिक्षक असेल तर हे गणित बदलतं. डेमोच्या वर्गाला घड्याळ समोर ठेवून बसा आणि विद्यार्थी एकूण किती मिनिटं बोलले ते मोजा. शिक्षकाचं जर्मन किती चांगलं आहे हे नवख्याला कळत नाही. मिनिटं मात्र मोजता येतात.

ॲप कुठे अडतं

सिस्टरने याआधी पंच्याहत्तर दिवस एक ॲप वापरलं होतं, एकही दिवस न चुकता. तिला फोन उलटा ठेवून कालच्या ड्यूटीबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली. दोन लिहिली, दोन्हींत चूक. हा तिचा दोष नव्हता. ॲप समोर चार पर्याय ठेवतं आणि त्यांतला एक ओळखायला सांगतं. ओळखणं आणि रिकाम्या कागदावर उभं करणं ही दोन निराळी कामं आहेत. परीक्षेत लिहिण्याचे आणि बोलण्याचे दोन भाग रिकाम्या कागदावरचे असतात.

दुसरी अडचण आपल्याकडची. जर्मन शिकवणारी बहुतेक ॲप इंग्रजीतून शिकवतात. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला प्रत्येक वाक्याचं दोनदा भाषांतर करावं लागतं, आणि काही ठिकाणी मराठीने सरळ गेलं असतं तिथे इंग्रजीमुळे वळसा पडतो. "मला थंडी वाजते" याला जर्मनमध्ये "मीर इस्ट काल्ट" म्हणतात. "मला" याच अर्थाचं "मीर". मराठी माणसाला ते लगेच पटतं. इंग्रजीतून जाणारा "मी थंड आहे" अशी रचना करतो आणि चुकतो. एकवीस म्हणताना आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो. जर्मनही "आइन-उन्ड-त्स्वान्त्सिग", एक आणि वीस, असंच म्हणतात. "कारण मला आज नाइट आहे" यात "आहे" शेवटी येतं, तसंच जर्मनमध्ये "वाइल" नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं. जर्मन "झेड" चा उच्चार चमच्यातल्या "च" सारखा आहे. इंग्रजीतून आलेले तो "झ" करतात.

मात्र मराठी जिथे फसवते ती जागाही दाखवायला हवी. "मी पेशंटला मदत करते" आणि "मी पेशंटला बघते" या दोन्ही वाक्यांत आपल्याकडे एकच "ला" आहे. जर्मनमध्ये मदत करणं "डेम पात्सिएन्टेन" मागतं आणि बघणं "डेन पात्सिएन्टेन". सिस्टर दोन्हीकडे "डेन" लिहायची. ॲप चूक लाल करून बरोबर उत्तर दाखवतं आणि पुढे जातं. ती पुन्हा चुकते. मराठी जाणणाऱ्या शिक्षकाने एकदाच सांगितलं: आपला एक "ला" तिकडे दोन दारांतून आत जातो, म्हणून क्रियापद पाठ करताना त्याचं दारही सोबत पाठ करा. तिने वहीत दोन रकाने केले. मदत करणं, आभार मानणं, उत्तर देणं, दुखणं एका रकान्यात. बघणं, विचारणं, उचलणं, धुणं दुसऱ्यात. ही चूक दोन आठवड्यांत निम्म्यावर आली. अशा जागेला ४५० रुपये मोजणं परवडतं. अंक आणि वारांची नावं शिकायला मोजणं मात्र उधळपट्टी आहे.

म्हणून ॲप सोडायचं नाही, पण त्याला त्याचंच काम द्यायचं: शब्द, लिंगासकट नामं, आणि ऐकणं. पैसे भरून घेण्याचीही गरज नाही. जर्मनीची सार्वजनिक प्रसारण संस्था डॉइचे वेले ए१ ते बी१ पर्यंतचा पूर्ण अभ्यासक्रम मोफत देते. धडे घरच्या वाय-फायवर उतरवता येतील तेवढे उतरवून घ्यावेत. गाडीत रेंजचा भरवसा नसतो.

मांडणी

ठरलं ते असं. पहिले दोन महिने फक्त मोफत साधनं, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खासगी शिक्षकाची दोनच सत्रं, तीही उच्चारांसाठी. सुरुवातीला बसलेला चुकीचा उच्चार नंतर काढणं फार महाग पडतं. "ई" म्हणत ओठांचा चंबू करायचा आणि जो आवाज येतो तो जर्मन "यू" वर दोन टिंबांचा, हे समोरच्याने ऐकून सुधारावं लागतं. (घरी अहिराणी बोलणाऱ्यांना "ळ" चा "य" होतो म्हणून हसणारे वर्गात भेटतातच. जर्मनमध्ये "ळ" नाहीच, तेव्हा त्यांना खुशाल हसू द्यावं.)

या दोन महिन्यांचा आणखी एक उपयोग आहे. ज्याला फुकटच्या साधनाने आठवड्याला पाच दिवस बसता येत नाही, त्याने तिसऱ्या महिन्यात ८,००० रुपये भरू नयेत. आधी रोस्टर बदलतं का ते बघावं.

तिसऱ्या ते चौदाव्या महिन्यापर्यंत ऑनलाइन गट, ३०,००० रुपये. उरलेल्या १२,००० रुपयांत खासगी शिक्षकाची सव्वीस सत्रं बसली: दोन उच्चारांची, सहा ए२ च्या काळात, अठरा बी१ च्या शेवटच्या सहा-सात महिन्यांत. खासगी शिक्षक सुरुवातीला आणि क्लास शेवटी, असं बरेच जण करतात, ते उलटं आहे. ए१ मध्ये बोलायला माल नसतो. वीस मिनिटं तोंड उघडं ठेवायला पुरेसे शब्दच नसतात, आणि शिक्षक मग ती वेळ समजावण्यात भरून काढतो.

खासगी शिक्षकाशी बोलून घ्यायच्या अटी लेखी व्हॉट्सॲपवर ठेवल्या. सत्राच्या चोवीस तास आधी ती ८० शब्दांचा मजकूर पाठवेल आणि शिक्षक तो तपासून सत्रात फक्त चुकांवर बोलेल. बारा तास आधी कळवलं तर सत्र पुढे जाईल. दर महिन्याला रोस्टर लागल्यावर वेळा ठरतील. वीस सत्रांचं पॅकेज घ्यायचं नाही. आधी एक, मग चार-चार. दोन सत्रं गप्पांत गेली, वहीत एकही दुरुस्ती नाही, असं झालं की चूक शिक्षकाची आहे असं धरून बदलायचं. गोड माणूस आणि उपयोगी शिक्षक यांत फरक असतो, आणि मराठी माणसाला तो तोंडावर सांगायची लाज वाटते. चार सत्रांची पद्धत त्यासाठीच आहे. नंतर पुन्हा भरायचं नाही, बस.

दोन ठिकाणी घसरलेली गाडी

क्लासवाल्यांनी तिन्ही पातळ्यांची फी एकदम भरल्यास दहा टक्के सूट देऊ केली. ३०,००० वर ३,००० वाचत होते. घरी कापूस विकला गेला होता, वडील म्हणाले, "बाई, आत्ता हातात पैसा आहे, भरून टाक." तिने फक्त ए१ चे भरले. हा निर्णय सहाव्या महिन्यात कामी आला. ए२ सुरू होताना बाराची बॅच सहावर आली, आणि क्लासने ती दुसऱ्या बॅचमध्ये मिसळली. ती बॅच दोन पाठ पुढे होती. सगळे पैसे आधी गेले असते तर गुपचूप बसावं लागलं असतं. इथे ए२ चे पैसे अजून तिच्या हातात होते. तिने सांगितलं की बुडालेले दोन पाठ जादा वर्गांत घेतले तरच भरते. तीन जादा वर्ग मिळाले. बॅच गळणं नेहमीचंच आहे, ए१ नंतर तर फारच. म्हणून ॲडमिशनच्या वेळी मागच्या वर्षी ए१ ला किती होते आणि त्यांतले बी१ ला किती पोहोचले, हे विचारायचं. उत्तर टाळलं तरी ते उत्तरच असतं.

दुसरी घसरण तेराव्या महिन्यात दिसली. घरी नमुना पेपर सोडवला. गोएथे बी१ चे चार स्वतंत्र भाग असतात: वाचन ६५ मिनिटं, ऐकणं ४० मिनिटं, लेखन ६० मिनिटं आणि बोलणं साधारण १५ मिनिटं. प्रत्येक भागात शंभरपैकी साठ लागतात आणि राहिलेला भाग वेगळा देता येतो. तिला वाचनात ७२, ऐकण्यात ४८ आणि लेखनात शिक्षकाच्या अंदाजाने ५५ मिळाले. घाबरून तिने खासगी सत्रं दुप्पट करायचं ठरवलं होतं.

पण प्रत्येक उणिवेचं औषध वेगळं आहे. ऐकणं ४८ वर अडलं कारण वर्षभर तिने ॲपमधले एकाच संथ आवाजातले तुकडे ऐकले होते, तेही हवे तितक्या वेळा. परीक्षेत काही भाग एकदाच ऐकवतात. याला शिक्षक कशाला? गाडीत रोज एक मोफत ध्वनिफीत, एकदाच, न थांबवता ऐकायची, मग तीन ओळींत काय कळलं ते लिहायचं आणि त्यानंतरच मजकूर उघडायचा. शून्य रुपये, रोजची पंचवीस मिनिटं. लेखनाचं मात्र तसं नव्हतं. तिथे तीन मजकूर लिहायचे असतात: ओळखीच्या माणसाला सुमारे ८० शब्दांचं पत्र, एका विषयावर तेवढंच मत, आणि सुमारे ४० शब्दांचं औपचारिक पत्र. व्याकरणापेक्षा तिचे गुण दुसरीकडेच जात होते. प्रश्नात दिलेल्या तीन मुद्द्यांपैकी एक राहून जायचा, आणि अधिकाऱ्याला लिहिताना ती "डू" आणि "झी", म्हणजे आपलं "तू" आणि "आपण", एकाच पत्रात मिसळायची. हे स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याने दाखवावं लागतं. म्हणून उरलेल्या सत्रांपैकी सहा फक्त लेखनाला दिली आणि क्लास होता तसाच चालू ठेवला.

उद्दिष्ट दुसरं असतं तर

हीच मांडणी सगळ्यांना लागू नाही. बी१ झालेल्या आणि सहा आठवड्यांवर मालकाची मुलाखत असलेल्या परिचारिकेने गटात एक रुपयाही घालू नये. सगळे पैसे खासगी शिक्षकाला द्यावेत आणि विषय एकच ठेवावा: ड्यूटी सोपवताना काय बोलतात, नातेवाइकाला काय सांगतात. धुळ्यातल्या बारावीच्या मुलाला, ज्याच्याकडे वेळ आहे आणि शिफ्ट नाही, पंचवीसचा ऑफलाइन क्लास चालेल. रोज जायची सवय लागते आणि १५० चा दर त्याला खरोखरच १५० लाच पडतो. केवळ हौस म्हणून शिकणाऱ्याला मोफत अभ्यासक्रम पुष्कळ झाला. आणि ज्याच्याकडे महिन्याला हजारच रुपये आहेत, त्याने गट सोडावा, मोफत साधनांवर चालावं आणि दर महिन्याला दोन सत्रं लेखन तपासण्यासाठी घ्यावीत. वेळ जास्त लागेल, पण दिशा तीच राहील.

शेवटची सहा सत्रं

बोलण्याची परीक्षा जोडीने होते. दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग एकेकाने एका विषयावर छोटं सादरीकरण करायचं, मग समोरच्याने प्रश्न विचारायचे. म्हणून शेवटची सहा सत्रं सिस्टरने एकटीने घेतली नाहीत. त्याच बॅचमधली भुसावळची एक सिस्टर सोबत घेतली आणि ४५० रुपये दोघींत वाटले. प्रत्येकीला २२५ पडले. शिक्षकाने परीक्षकाची खुर्ची घेतली आणि मधे न बोलता शेवटी चुका सांगितल्या. बोलण्याची मिनिटं निम्मी झाली, पण परीक्षेत तेवढीच मिळतात. समोरचीचं वाक्य ऐकून त्यावर बोलण्याची सवय ॲपही लावत नाही आणि एकटा शिक्षकही. वाचलेले १,३५० रुपये तिने परीक्षेच्या ३०,००० मध्ये टाकले आणि पुण्याची तारीख जागा भरायच्या आत पक्की करून घेतली. दोघींची तारीख एकच घेतली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सोबत जाता येतं, आणि गाडीत एकमेकींना विषय देऊन तीन-तीन मिनिटं बोलता येतं.